चॅनल रुंद केलं आणि वायफाय मंदावलं

राउटरच्या सेटिंगमध्ये `Channel Width` नावाची एक ओळ असते. तिच्यासमोर `20 MHz`, `40 MHz` आणि `Auto` किंवा `20/40 MHz` असे पर्याय असतात. घरातलं वायफाय थोडं कमी वाटायला लागलं, की कुणीतरी सांगतं, तिथे ४० निवडा, स्पीड दुप्पट होतो. निवडल्यावर लॅपटॉपच्या पडद्यावर फरकही दिसतो. आधी १४४ मेगाबिट दाखवणारा `Link speed` आता ३०० दाखवतो. रेंजच्या काड्या पूर्वीसारख्याच भरलेल्या असतात. काम झालं असं वाटतं.

मग रात्री नऊच्या सुमारास सिनेमा अडखळायला लागतो. आईवडिलांशी व्हिडिओ कॉल सुरू असतो, त्यांचा चेहरा गोठतो आणि आवाज तुटतो. मुलाचा गेम मध्येच थांबतो. तक्रार अर्थातच इंटरनेट देणाऱ्याकडे जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथला माणूस येतो, राउटरला केबलने लॅपटॉप जोडतो आणि स्पीड मोजून दाखवतो. घेतलेल्या प्लॅनइतका पुरेपूर स्पीड येत असतो. तो सांगतो ते खरं असतं, आणि घरच्यांची तक्रारही खरी असते. बिघाड रस्त्यावरून घरात आलेल्या तारेत नसतो. राउटर आणि फोन यांच्यामधल्या चार-सहा मीटर हवेत तो असतो, आणि तोही रात्रीच्या वेळी.

चॅनल रुंद केल्यावर वेग वाढायच्या ऐवजी घटतो कसा, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कारण यात यंत्र बिघडलेलं नसतं. ३०० हा आकडा खोटाही नसतो. फक्त तो आपल्याला हव्या असलेल्या गोष्टीचा आकडा नसतो.

आधी जागा किती आहे ते पाहू. वायफायचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात गजबजलेला पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात तो २००५ मध्ये कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याशिवाय खुला झाला. २४०० मेगाहर्ट्झपासून २४८३.५ मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे एकूण साडेत्र्याऐंशी मेगाहर्ट्झची ही पट्टी. तिच्यात १ ते १३ असे चॅनल आखलेले आहेत. तेरा म्हटल्यावर भरपूर जागा आहे असं वाटतं, पण हे चॅनल एकमेकांपासून फक्त पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि एका वायफायला बोलायला किमान वीस मेगाहर्ट्झ लागतात. त्यामुळे एकमेकांना न घासता शेजारीशेजारी बसतील असे चॅनल प्रत्यक्षात तीनच उरतात. १ नंबरचं २४०२ ते २४२२ मध्ये बसतं, ६ नंबरचं २४२७ ते २४४७ मध्ये आणि ११ नंबरचं २४५२ ते २४७२ मध्ये. जगभर राउटर लावणारे १, ६, ११ हा जप करतात तो यामुळे.

आता ६ नंबरवरचा राउटर ४० मेगाहर्ट्झवर टाकला तर काय होतं? तो आपल्या मूळ वीसला आणखी एक वीस जोडून घेतो. हे जोडलेलं वीस वरच्या बाजूला असेल तर ते १० नंबरच्या चॅनलची जागा असते. एकूण पसारा २४२७ ते २४६७ असा होतो. म्हणजे ६ नंबरची जागा तर घेतलीच, शिवाय ११ नंबरच्या वीसपैकी पंधरा मेगाहर्ट्झवर पाय पसरले. खालच्या बाजूला जोडलं, तर हेच १ नंबरच्या बाबतीत घडतं. तीन जागांच्या पट्टीत एका घराने दोन जागा अडवल्या.

जागा जास्त घेतली म्हणून आपलं काय बिघडलं, असा प्रश्न पडेल. शेजाऱ्याला त्रास झाला, पण आपला वेग का कमी व्हावा? याचं उत्तर वायफायच्या बोलण्याच्या शिस्तीत आहे. मोबाइलच्या टॉवरसारखं इथे कुणाला कधी बोलायचं याचं वेळापत्रक बहुतेक घरी नसतं. प्रत्येक यंत्र बोलण्याआधी कान देतं. हवेत दुसरं कुणी बोलत असेल तर थांबतं. हवा मोकळी झाली की लगेच तुटून न पडता आपल्या मनाने निवडलेला थोडासा वेळ आणखी वाट पाहतं, आणि मग बोलतं. ही वाट मायक्रोसेकंदांची असते, पण ती प्रत्येक वेळी पाहावी लागते. महत्त्वाचं असं की हे थांबणं फक्त आपल्या घरातल्या यंत्रांसाठी नसतं. त्याच चॅनलवर शेजारच्या फ्लॅटमधला टीव्ही बोलत असेल, तरी आपला राउटर थांबतो. पासवर्ड वेगळा असला तरी हवा एकच असते.

म्हणून आपल्याला मिळणारा वेग दोन गोष्टींचा गुणाकार असतो. बोलण्याची संधी मिळाल्यावर किती वेगाने बोलतो हा पहिला भाग. तोच `Link speed` म्हणून दिसतो. आणि बोलण्याची संधी किती वेळ मिळते हा दुसरा. तो कुठेच दिसत नाही. रुंदी वाढवली की पहिला वाढतो. दुसरा घटतो.

दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभा राहून, दोन्ही खोल्या शांत असतील तेव्हाच बोलणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. एका खोलीत निम्मा वेळ गप्पा चालतात, दुसऱ्या खोलीतही निम्मा वेळ चालतात. दोन्हीकडे एकदम शांतता असण्याचा वेळ निम्मा नसतो, पाव असतो.

हाच हिशेब वायफायला लावू. दोन अँटेनांचा साधा राउटर धरू. वीस मेगाहर्ट्झवर त्याचा कमाल वेग १४४ मेगाबिट, चाळीसवर ३००. चॅनल ऐंशी टक्के वेळ मोकळं असेल, तर वीसवर १४४ चे ऐंशी टक्के म्हणजे साधारण ११५ हाती लागतात. चाळीसवर दोन्ही भाग एकाच वेळी मोकळे असण्याचा वेळ चौसष्ट टक्के येतो आणि ३०० चे चौसष्ट टक्के म्हणजे १९२. इथे रुंदी वाढवणं फायद्याचं आहे. चॅनल निम्माच वेळ मोकळं असेल, तर वीसवर ७२ आणि चाळीसवर ७५. सगळी उठाठेव तीन मेगाबिटांसाठी. आणि चॅनल चाळीस टक्केच वेळ मोकळं असेल, तर वीसवर साधारण ५८ आणि चाळीसवर ४८. म्हणजे दुप्पट रुंदी घेऊन आपण मागे पडलो. खरे आकडे याहून बरेच कमी असतात, कारण वायफायच्या वेगाचा मोठा हिस्सा पोचपावत्या आणि प्रतीक्षा यांतच जातो. दोन्ही भागांतली वर्दळ एकमेकींशी संबंध नसल्यासारखी चालते असंही मी इथे धरलं आहे. पण तुलनेची दिशा हीच राहते. चॅनल निम्म्याहून जास्त वेळ गजबजलेलं असलं, की रुंदीचा फायदा तोट्यात जातो.

जाणकार वाचक इथे हरकत घेईल आणि ती योग्य आहे. ही यंत्रं इतकी हटवादी नसतात. जोडलेल्या वीसमध्ये कुणी बोलतंय असं दिसलं, तर राउटर त्या वेळेपुरता फक्त आपल्या मूळ वीसवर बोलू शकतो. नियमात तशी मुभा आहे. मग तोटा व्हायलाच नको. वाईट दिवशी वीसइतकं मिळेल आणि चांगल्या दिवशी त्याहून जास्त. कागदावर हे बरोबर आहे. पण प्रत्यक्षात तोटा होतो, आणि त्याचं मूळ ऐकण्यातल्या फरकात आहे.

राउटरचे दोन्ही भागांकडे सारखे कान नसतात. मूळ वीसमध्ये तो समोरच्या वायफायचं बोलणं ओळखून ऐकतो. नियमाप्रमाणे तिथे उणे ८२ डीबीएमइतका क्षीण आवाजही त्याला कळला पाहिजे. हा डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं माप. आकडा शून्याकडे जावा तशी ताकद वाढते आणि दर दहाच्या फरकाला ती दसपट होते. जोडलेल्या वीसमध्ये मात्र २.४ गिगाहर्ट्झवरचा राउटर फक्त एवढंच पाहतो, की तिथे उणे ६२ पेक्षा जास्त ताकदीची काही ऊर्जा आहे का. उणे ८२ आणि उणे ६२ यांत वीसचा फरक म्हणजे ताकदीत शंभरपट फरक. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचा आवाज त्याला तिथे कळेल. वरच्या मजल्यावरच्याचा किंवा समोरच्या इमारतीतल्याचा कळणारच नाही. तो समजेल की ही बाजू मोकळी आहे, आणि बोलायला लागेल.

शेजारीही त्याच्यासाठी थांबत नाही. ११ नंबरवर बसलेल्या राउटरला ११ नंबरवर नीट बसलेलं बोलणं ओळखता येतं. आपला जोडलेला भाग १० नंबरवर आहे, म्हणजे पाच मेगाहर्ट्झ सरकलेला. ते बोलणं त्याला बोलणं म्हणून कळतच नाही, नुसती खरखर वाटते. आणि खरखरीसाठी थांबायची त्याची मर्यादाही तीच, उणे ६२. म्हणजे दोघंही एकमेकांसाठी बहिरे आणि दोघंही एकाच हवेत बोलतात. आधीच्या हिशेबात फक्त वाट पाहण्याचा तोटा होता. इथे बोललेलं वाया जातं.

वाया गेल्यावर काय होतं, ते एका इमारतीत नेऊन पाहू. समजा, डोंबिवलीतली सात मजली इमारत आहे, मजल्यावर चार फ्लॅट, आणि पाच-सहा मीटरवर तशीच दुसरी इमारत. तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात राउटर दाराजवळ, चपलांच्या रॅकच्या वर लावला आहे, कारण फायबरची तार तिथूनच आत आली. तो ६ नंबरवर आहे आणि त्याची रुंदी जबरदस्तीने ४० वर ठेवली आहे. शेवटच्या खोलीत बसलेल्या मुलीच्या लॅपटॉपपर्यंत त्याचा सिग्नल उणे ६८ इतका पोचतो. वाईट नाही, कामापुरता बरा. बरोबर तिच्या खोलीच्या वर, चौथ्या मजल्यावर, दुसऱ्या कुटुंबाचा राउटर ११ नंबरवर आहे. एका स्लॅबमधून तिच्यापर्यंत त्याचा सिग्नल उणे ६४ इतका येतो. आणि दाराजवळच्या आपल्या राउटरला तो वरचा राउटर जेमतेम उणे ७५ इतका ऐकू येतो.

आपला राउटर कान देतो. जोडलेल्या भागात उणे ७५ म्हणजे त्याच्या लेखी शांतता. तो ३०० च्या वेगाने लॅपटॉपला माहितीचा तुकडा पाठवतो. त्याच क्षणी वरचा राउटर त्यांच्या टीव्हीला सिनेमा पाठवत असतो. मुलीच्या लॅपटॉपला वरचा आवाज आपल्या राउटरपेक्षा मोठा येतो. तुकड्याचा जवळजवळ निम्मा भाग त्या आवाजात बुडतो. लॅपटॉपला काही समजत नाही, म्हणून तो पोचपावती देत नाही.

पोचपावती आली नाही की राउटर दोन गोष्टी करतो. पहिली, पुन्हा बोलण्याआधी थांबण्याचा पल्ला वाढवतो. शून्य ते पंधरा यांतला आकडा निवडून तेवढे क्षण थांबायचं असतं, ते आता शून्य ते एकतीस होतं, मग त्रेसष्टपर्यंत, आणि पुन्हापुन्हा फसलं तर हजाराच्या पुढेपर्यंत. दुसरी गोष्ट जास्त घातक आहे. सिग्नल कमजोर असावा असं समजून तो आपला वेग उतरवतो. खरं तर सिग्नल कमजोर नसतो, टक्कर झालेली असते. पण राउटरला दोहोंतला फरक ओळखता येत नाही. दूर असलेल्याशी सावकाश आणि स्पष्ट बोलावं, तसा तो पायरीपायरीने खाली येतो. सगळ्यात खालच्या पायरीवर चाळीस मेगाहर्ट्झवर दोन अँटेनांचा वेग २७ मेगाबिट असतो. पंधराशे बाइटचा नेहमीचा तुकडा ३०० च्या वेगाने पाठवायला चाळीस मायक्रोसेकंद लागतात, २७ च्या वेगाने चारशे चव्वेचाळीस. अकरापट वेळ हवा अडवली. आणि जितका वेळ जास्त, तितकी त्या वेळात वरच्या राउटरने बोलायला सुरुवात करण्याची शक्यता जास्त. म्हणजे टक्कर टाळायला म्हणून उतरवलेला वेग पुढच्या टकरीची तयारी करतो. घरातल्या फोनांनाही या काळात गप्प बसावं लागतं, म्हणून एका लॅपटॉपचं दुखणं सगळ्या घराला लागतं. वरच्या मजल्यावरच्या टीव्हीचीही हीच गत होते. त्यांनी तर कुठलंही सेटिंग बदललेलं नसतं.

यात आणखी एक लहान तोटा मिसळतो. राउटरची एकूण शक्ती तीच राहते आणि ती आता दुप्पट रुंदीवर पसरते. प्रत्येक वीसच्या वाट्याला निम्मी येते. राउटरसमोर बसलेल्याला हे जाणवत नाही. शेवटच्या खोलीत मात्र वेगाची एखादी पायरी यामुळेही उतरते.

हे सगळं आपल्याच घरात घडतंय का, हे ओळखायला महागडं यंत्र लागत नाही. मात्र स्पीड टेस्टवर विसंबू नये, कारण तिच्यात बाहेरची तार, कंपनीचा सर्व्हर आणि घरातली हवा असं सगळं एकत्र येतं. मोजायचं ते फक्त आपलं यंत्र आणि आपला राउटर यांच्यामधलं. त्रास होतो त्याच खोलीत, त्याच वेळी लॅपटॉप घेऊन बसा आणि राउटरलाच हाक मारा. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून पुढची ओळ लिहायची. आपल्या राउटरचा पत्ता वेगळा असेल तर तो घालायचा.

```
ping -n 100 192.168.1.1
```

मॅक आणि लिनक्सवर `-n` च्या जागी `-c` येतं. शंभर हाकांना शंभर उत्तरं यायला हवीत, आणि हवा ठीक असेल तर त्यातली बहुतेक काही थोड्या मिलिसेकंदांत येतात. सरासरीकडे पाहू नका, वाईट उत्तरांकडे पाहा. चार, पाच, चार अशा आकड्यांमध्ये मध्येच १२०, मग २४०, मग `Request timed out` असं दिसायला लागलं, तर बिघाड घरातल्या हवेत आहे. राउटरपर्यंतच हाक पोचायला इतका वेळ लागत असेल, तर बाहेरच्या तारेला दोष देण्यात अर्थ नाही. उलट राउटरची उत्तरं एकसारखी झटपट येत असतील आणि तरी सिनेमा अडत असेल, तर हा लेख तुमच्या दुखण्याचा नाही. खुशाल कंपनीला फोन करा.

हवेतच घोळ आहे हे कळलं, की शेजारी कोण कुठे बसलंय ते पाहायचं. अँड्रॉइड फोनवर वायफाय ॲनालायझर प्रकारची फुकट ॲप मिळतात. ती प्रत्येक नेटवर्क कोणत्या चॅनलवर, किती रुंद आणि किती ताकदीचं आहे ते कमानींच्या आकृतीत दाखवतात. आपली कमान दुसऱ्यांपेक्षा दुप्पट रुंद आणि तीन-चार कमानींवर आडवी पडलेली दिसली, की कारण डोळ्यांसमोर आलं. विंडोजवर ॲपशिवायही यादी मिळते.

```
netsh wlan show networks mode=bssid
```

ही यादी नेटवर्क किती आहेत ते सांगते, ती किती बोलतात ते सांगत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. दहा घरं कामाला गेलेली असतील तर दहा नेटवर्कांचं चॅनल दुपारी जवळजवळ मोकळं असतं, आणि एकच शेजारी रात्रभर मोठ्या फाइली उतरवत असेल तर एका नेटवर्कचं चॅनलही भरलेलं असतं. म्हणून पाहणी त्रासाच्या वेळीच करायची. तंत्रज्ञ दुपारी येतो आणि सगळं ठीक सापडतं, याचंही कारण हेच.

आता दुरुस्ती. ती सेटिंग बदलण्याइतकीच सोपी आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून, वायरलेसच्या पानावर २.४ गिगाहर्ट्झच्या खाली रुंदी `20 MHz` करायची. चॅनल `Auto` वर असेल आणि राउटर वाईट निवड करत असेल, तर १, ६ किंवा ११ यांपैकी ज्यावर शेजाऱ्यांचे आवाज कमी आणि क्षीण आहेत ते हाताने निवडायचं. आकृतीत ३ किंवा ८ नंबर रिकामा दिसला तरी तिथे जाऊ नये. तो रिकामा दिसतो, पण दोन्ही बाजूंचे शेजारी अर्धेअर्धे त्याच्यावर पडलेले असतात, आणि अर्धवट पडलेल्यांसाठी कुणी थांबत नाही हे आपण वर पाहिलंच. एकाच चॅनलवर नीट एकमेकांवर बसलेले शेजारी रांगेने बोलतात. सरकून बसलेले एकमेकांवर बोलतात. म्हणून गर्दीचं ६ हे मोकळ्या दिसणाऱ्या ८ पेक्षा चांगलं.

बदल केल्यावर `Link speed` पुन्हा १४४ वर उतरेल. उतरू द्या. त्याच खोलीत, त्याच वेळी तीच हाक पुन्हा मारा आणि मोठे आकडे किती उरले ते पाहा.

`Auto` किंवा `20/40 MHz` ठेवलं तर चालत नाही का? खरं तर चालायला हवं. चाळीसची रुंदी ज्या प्रमाणात आली, त्या २००९ च्या 802.11n मध्येच ही काळजी घेतलेली आहे. राउटरने अधूनमधून आजूबाजूला पाहायचं, घासणारे शेजारी दिसले तर आपणहून वीसवर उतरायचं. सेटिंगमध्ये ते `20/40 Coexistence` अशा नावाने दिसतं. ते चालू असेल, तर गर्दीच्या इमारतीत `Auto` वरचा राउटर बहुतेक वेळ वीसवरच असतो. पंचाईत होते ती कुणीतरी स्पीड वाढवायची युक्ती म्हणून ते बंद करायला सांगतं तेव्हा, किंवा राउटर ते पाळतच नाही तेव्हा. मी तरी इमारतीत राहणाऱ्याला सरळ वीसच ठेवायला सांगेन. बरेचसे फोन आणि स्मार्ट बल्ब, कॅमेरे वगैरे वस्तू २.४ गिगाहर्ट्झवर वीसपेक्षा जास्त रुंदी वापरतच नाहीत. आयफोन त्यांतलाच. त्यांना चाळीसचा फायदा शून्य, तोट्यात मात्र पूर्ण वाटा.

मग १०० किंवा २०० मेगाबिटचा प्लॅन घेतलाय, तो वापरायचा कसा? २.४ वर नाही. त्यासाठी ५ गिगाहर्ट्झ आहे. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनंतर या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ वायफायसाठी मोकळे आहेत, २.४ च्या सातपट. भिंती आणि स्लॅब ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जास्त अडवतात. हा दोष म्हणून सांगितला जातो, पण इमारतीत राहणाऱ्याला तो उपकार आहे, कारण शेजाऱ्यांचा आवाजही भिंतीपलीकडेच राहतो. म्हणून तिथे ८० मेगाहर्ट्झची रुंदी बहुतेक घरांत छान चालते. तरीही तेच गणित इथेही लागू आहे, फक्त मर्यादा दूर आहे. ऐंशी रुंदीचे सहा गट या पट्ट्यात मावतात, पण अनेक स्वस्त राउटर त्यांतले दोनच दाखवतात, ३६ ते ४८ आणि १४९ ते १६१. सगळी इमारत जर ३६ वर गोळा झाली असेल, तर दुसऱ्या गटात जाऊन पाहावं, आणि तिथेही गर्दी असेल तर ऐंशीवरून चाळीसवर उतरावं. चाळीसवर दोन अँटेनांच्या नव्या राउटरचा वेग तरीही चारशे मेगाबिटांच्या आसपास असतो. घरगुती प्लॅनला तो पुरतो. १६० ची रुंदी दाट वस्तीत मी सुचवणार नाही. ती एकटी दोन गट गिळते, शिवाय ५२ ते ६४ हे चॅनल अनेक देशांत रडारबरोबर वाटून वापरायचे असतात. तिथे राउटरला सुरू होण्याआधी मिनिटभर रडारची चाहूल घ्यावी लागते आणि ती लागली तर चॅनल सोडावं लागतं.

टीव्ही आणि टेबलावरचा संगणक यांना शक्य असेल तर केबलने जोडावं. त्या दोघांनी हवा सोडली की फोनांना ती मिळते.

चाळीसला माझा सरसकट विरोध नाही. कोकणातल्या वाडीत, शेतावरच्या घरात, जिथे ॲप उघडल्यावर स्वतःचंच एक नेटवर्क दिसतं, तिथे २.४ वरसुद्धा चाळीस घ्यावं आणि फायदा उचलावा. हवा मोकळी असताना दुप्पट रुंदी खरोखरच दुप्पटीच्या जवळ वेग देते, हे वर हिशेबात आलंच आहे. शेजारी राहायला आले की परत वीसवर यावं, इतकंच.

इमारतीत मात्र ही गोष्ट एका घराच्या हातात पूर्णपणे नसते. आपण वीसवर आलो आणि वरचा चाळीसवर राहिला, तर त्याचा पसारा आपल्यावर पडतच राहतो. म्हणून पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर पाणी आणि पार्किंगची चर्चा चालू असेल, तेव्हा हेही घाला: २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांनी `20 MHz` ठेवावं आणि १, ६, ११ सोडून कुठे बसू नये. ज्यांना राउटरचं पान उघडता येत नाही, त्यांच्या घरी जाऊन तेवढं बदलून द्या. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यांच्याइतकाच त्याचा उपयोग तुम्हालाही होणार आहे.